भृंगराज अ‍ॅपलाही चकवतो

कर्नाळ्याला जाणार असाल तर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ अ‍ॅप आणि त्यातला भारताचा पॅक घरीच उतरवून घ्या. मग रेंज नसली तरी अडत नाही. हे अ‍ॅप आवाजाचं चित्र बनवतं आणि ते ओळखीच्या नमुन्यांशी ताडून पाहतं. आवाज नक्की कोणी काढला, हे मात्र त्याला दिसत नाही. भृंगराज नेमका इथेच फसवतो, कारण तो नकलाकार आहे.

समजा, पडद्यावर सर्पगरुडाचं नाव उजळलं. हा गरुड बहुधा ऊन तापल्यावर उंच घिरट्या घालत लांब शीळ देतो. तीच शीळ सकाळीच गर्द पानांतून आली आणि पाठोपाठ तिथूनच दुसऱ्याच पक्ष्याचा आवाज निघाला, तर दुर्बीण लावा. काळा पक्षी, कपाळावर तुरा आणि शेपटीला दोन लांब तारा दिसल्या, की चोर सापडला!

त्याचा फोटो अ‍ॅपला देताना ठिकाण आणि तारीख बरोबर भरा. पीस झडताना या तारा गळतात. तेव्हा उत्तर साधा कोतवाल आलं, तर कपाळावरचा तुरा पुन्हा बघा. नोंदीत सर्पगरुड लिहायचा तो दिसल्यावरच.