किल्ली फोनमध्ये, कुलूप कार्डावर

अँड्रॉइड ६.० मध्ये, म्हणजे २०१५ साली, मेमरी कार्ड फोनच्या अंतर्गत साठ्याचा भाग करून घेण्याची सोय आली. असे कार्ड 'दत्तक' घेताना फोन ते आधी पूर्ण पुसतो, मग त्यावरचा जवळजवळ सगळा भाग एन्क्रिप्ट करतो. अॅप आणि त्यांची खाजगी माहिती कार्डावर जाणार असल्याने हे आवश्यकच ठरते. नाहीतर कार्ड काढून दुसरीकडे लावणाऱ्याला ती सहज वाचता आली असती.

एन्क्रिप्शनची किल्ली मात्र कार्डावर नसते. ती फोनच्या `/data/misc/vold` या फोल्डरमध्ये राहते. फॅक्टरी रीसेट `/data` पुसून टाकते, तेव्हा किल्लीही जाते. कार्डावरचा एक बिटही बदललेला नसतो, तरी तोच फोन त्याला ओळखत नाही आणि फॉरमॅट करायला सांगतो. संगणकालाही तिथे निरर्थक आकडेच दिसतात. फाइल परत मिळवणारी सॉफ्टवेअर इथे निरुपयोगी, कारण हरवली आहे ती किल्ली, फाइल नव्हे.

फॉरमॅट केल्यावर कार्ड पुन्हा ठणठणीत चालते, जुना मजकूर तेवढा जातो. म्हणून रीसेटपूर्वीच फोटो व इतर फाइल संगणकावर उतरवून घ्याव्या लागतात.