कोटेशन दिलं, पुढे उत्तरच नाही: आठवण कशी करायची?

तायांनो, गेल्या काही महिन्यांत आपल्या बऱ्याच गटांना बाहेरून चौकशा येऊ लागल्या आहेत. कुणी सरस प्रदर्शनात नंबर घेतलेला असतो, कुणी भीमथडी जत्रेत लाडू चाखलेले असतात, तर कुणाला चाकणच्या कंपनीतल्या आपल्याच गावच्या मुलाने गटाचं नाव सांगितलेलं असतं. समोरून विचारणा होते, "कोटेशन पाठवा." आपण हिशेब करून दर काढतो, फोटो जोडून पाठवतो. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा दिसतात आणि मग सगळं शांत.

अशा वेळी गटात दोन मतं पडतात. एकीला वाटतं, परत विचारलं तर आपण मागे लागल्यासारखं दिसेल. दुसरीला वाटतं, दर जास्त झाला असेल, लगेच कमी करून पाठवू. खरं तर उत्तर न येण्याचं कारण आपल्याला अजून माहीतच नसतं. कोटेशन ज्यांना पाठवलं ते फक्त चौकशी करणारे असतील आणि निर्णय त्यांच्या साहेबांचा असेल. कंपनीत तीन ठिकाणचे दर मागवून मग ठरवायची पद्धत असेल. किंवा त्यांनी दुसरीकडे घ्यायचं ठरवलं असेल आणि "नाही" म्हणायला संकोच वाटत असेल. यातलं काय झालं आहे ते कळावं, यासाठीच आठवणीचा निरोप असतो.

एक उदाहरण धरून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या गटाने आपले घालावेत.

घोडेगाव परिसरातल्या दहा जणींच्या एका गटाकडे चाकणच्या कंपनीतून दिवाळी फराळाची चौकशी आली आहे, असं समजा. २०० बॉक्स हवे आहेत. एका बॉक्समध्ये चकली, चिवडा, शंकरपाळी आणि बेसन लाडू, प्रत्येकी पाव किलो. दर ४८० रुपये, म्हणजे एकूण ९६,००० रुपये. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि कंपनीला माल शुक्रवारी ३० ऑक्टोबरला हवा आहे. गटाने कोटेशन गुरुवारी १ ऑक्टोबरला पाठवलं.

आधी आपली तारीख काढा

निरोप लिहायच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि माल पोचवायच्या दिवसापासून उलटं मोजा. २०० बॉक्स म्हणजे २०० किलो फराळ. रोज ३० किलोच्या आसपास होत असेल, तर सात दिवस लागतील. बॉक्स भरायला दोन दिवस धरले तर २८ आणि २९ तारीख त्यात जाते. म्हणजे तळण-वळण २१ ते २७ ऑक्टोबर. दसरा २० तारखेला आहे, त्या दिवशी काम धरू नका. त्याच्या आधी चकलीची भाजणी तयार हवी. तांदूळ आणि डाळी धुवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, मग गिरणीतून दळून आणायच्या, याला तीन-चार दिवस जातात. मध्येच पाऊस आला तर वाळवण लांबतं, म्हणून दोन दिवस जास्तीचे ठेवा. याचा अर्थ किराणा १४ तारखेला भरलाच पाहिजे, आणि त्यासाठी होकार व आगाऊ रक्कम सोमवारी १२ ऑक्टोबरपर्यंत हातात हवी.

ही १२ तारीख म्हणजे आपल्या निरोपाचा कणा. "लवकर कळवा" याचा समोरच्याला काहीच बोध होत नाही. "१२ तारखेपर्यंत कळवा, कारण १४ पासून भाजणी करायची आहे" हे मात्र कुणालाही पटतं. त्यात धमकी नाही आणि गयावयाही नाही. ही तारीख कोटेशनवरच "दर १२ ऑक्टोबरपर्यंत लागू" असं लिहून घातली असेल तर आणखी बरं. दिवाळीच्या तोंडावर तेल, डाळ, तूप यांचे भाव हलतात, तेव्हा जुना दर आपल्या गळ्यात पडत नाही.

पहिला निरोप कधी आणि काय?

कोटेशननंतर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्या. आपल्या उदाहरणात २ ऑक्टोबर गांधी जयंतीची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार. म्हणून सोमवार सोडून मंगळवारी ६ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास निरोप पाठवा. रात्री जेवणं झाल्यावर पाठवलेला निरोप सकाळपर्यंत खाली जातो. आणि निरोप स्वतंत्र असू द्या, शुभ सकाळच्या फुलांच्या चित्राखाली जोडलेला नको.

निरोप असा:

"नमस्कार सर. मी (नाव), (गटाचं नाव) महिला बचत गट, घोडेगाव. आपण मागितल्याप्रमाणे १ ऑक्टोबरला दिवाळी फराळाच्या २०० बॉक्सचं कोटेशन पाठवलं होतं. एक किलोचा बॉक्स, दर ४८० रुपये. सोयीसाठी तेच पुन्हा जोडत आहे. आपला निर्णय कुठवर आला आहे, एवढं कळवाल का? ३० तारखेला माल पोचवण्यासाठी आम्हाला १४ पासून भाजणीला लागावं लागेल, म्हणून होकार आणि आगाऊ रक्कम १२ ऑक्टोबरपर्यंत हवी. यंदा घ्यायचं नसेल तरी निःसंकोच तसं कळवा, आमचं नियोजन करायला सोपं जाईल. धन्यवाद."

यात कोण बोलतंय, कशाबद्दल आणि कधीचं, हे पहिल्या दोन ओळींत येतं, म्हणजे समोरच्याला मागे जाऊन शोधावं लागत नाही. प्रश्न एकच आहे. तीन-चार प्रश्न विचारले की माणूस "निवांत बघू" म्हणून बाजूला ठेवतो. शेवटी "नाही" म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे. ही ओळ बऱ्याच जणींना नकोशी वाटते, आपणच नकार सुचवतोय असं वाटतं. पण नकार ६ तारखेला कळला तर ते सात दिवस मंचरच्या दुकानासाठी किंवा पुण्यातल्या सोसायटीसाठी वापरता येतात. तोच नकार २५ तारखेला कळला तर ते दिवस वाया जातात.

काय लिहायचं नाही, तेही पाहू. "तुम्ही उत्तर का दिलं नाही?" असं विचारू नका, माणूस सफाई देण्यात अडकतो किंवा गप्पच बसतो. "गरीब महिलांना मदत करा" असंही नको. आपण माल विकतोय, वर्गणी मागत नाही, आणि दया म्हणून दिलेली ऑर्डर पुढच्या वर्षी येईलच असं नसतं. आणि "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" असं खोटं लिहू नका. समोरचा "मग त्यांना द्या" म्हणाला तर आपली अडचण होते.

न विचारता दर कमी करू नका

समजा, गटाने घाईने "४२० ला देतो" असं कळवलं. ४८० च्या बॉक्समध्ये किराणा २६०, डबा-पिशवी ३०, मजुरी १३०, वाहतूक १० आणि गटाची शिल्लक ५० असा हिशेब आहे. ६० रुपये कमी केले की शिल्लक संपते आणि वरचे १० रुपये मजुरीतून जातात. २०० बॉक्सवर १२,००० रुपये गेले, त्यातले २,००० तर तळणाऱ्या बायांच्या हातातले. तेही समोरच्याने दराबद्दल एक शब्द न बोलता.

त्यांनी स्वतःहून "दर जास्त वाटतो" म्हटलं, तर ती चांगली खूण समजा, कारण गप्प असलेला माणूस बोलता झाला. तेव्हा दर न पाडता बॉक्स बदला. सगळ्यात जास्त खर्च ज्या पदार्थावर होतो तो निम्मा करा, किंवा एक पदार्थ कमी करून नवा दर काढा. म्हणजे कमी पैशात कमी माल, हे त्यांनाही समजतं आणि मजुरीला हात लागत नाही.

दुसऱ्यांदा फोन, तिसऱ्यांदा शेवटचा निरोप

निरोपाला उत्तर नसेल तर गुरुवारी ८ तारखेला फोन करा. दुपारच्या जेवणाची वेळ टाळा. फोनवर ऑर्डर मागण्यापेक्षा एवढंच विचारा, "सर, यावर निर्णय आपण घेता की वरिष्ठांकडे जाणार आहे?" वरिष्ठांकडे असेल तर "त्यांना दाखवायला एक नमुना बॉक्स पाठवू का?" असं विचारता येतं. इथेच पुष्कळदा कळतं की कोटेशन भलत्याच माणसाकडे पडून होतं.

"करू, बघू, तुमचंच घेणार आहोत" असं गोड उत्तर आलं, पण तारीख नाही आणि आगाऊ रक्कम नाही, तर तो होकार धरू नका. त्या भरवशावर ५२,००० चा किराणा गटाच्या कर्जातून भरला आणि ऑर्डर फिरली, तर हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे. "फारच छान, मग १२ तारखेपर्यंत आगाऊ रक्कम आली की किराणा भरतो," असं हसत सांगा आणि तेच लगेच लिहूनही पाठवा.

१२ तारीखही तशीच गेली, तर १३ ला सकाळी शेवटचा निरोप:

"नमस्कार सर. आपल्याकडून १२ तारखेपर्यंत कळलं नाही, म्हणून आपल्यासाठी राखलेले २१ ते २७ ऑक्टोबरचे दिवस आम्ही आता इतर कामासाठी मोकळे करत आहोत. १ तारखेचं कोटेशन इथे संपलं असं समजावं. यानंतर हवं असेल तर जरूर फोन करा, त्या वेळी किती माल जमेल आणि दर काय पडेल ते सांगू. चौकशी केल्याबद्दल धन्यवाद."

आणि मग खरंच ते दिवस मोकळे करा. पुष्कळदा याच निरोपाला उत्तर येतं, कारण आता त्यांनाही निर्णय घ्यावा लागतो. उत्तर आलं तर शिल्लक दिवसांत काय बसतं ते पाहूनच हो म्हणा. भाजणीला वेळ उरला नसेल, तर चकलीशिवायचा बॉक्स सुचवा. उत्तर नाहीच आलं, तरी पुन्हा निरोप पाठवू नका. आता थेट पुढच्या हंगामाला विचारायचं.

हे सगळं गटातल्या एकाच ताईने करावं. दोघींनी वेगवेगळे निरोप पाठवले की दोन दर बाहेर जातात आणि समोरचा कमी असलेला धरून बसतो. मासिक बैठकीच्या वहीत मागच्या पानावर एक तक्ता आखा: चौकशी कुणाची, कोटेशनची तारीख व दर, निरोप, फोन, शेवटचं उत्तर. "नाही" आलं असेल तर कारणही लिहा. चार-पाच चौकशा झाल्या की दिसेल, नकार दरामुळे येतात, उशिरा कोटेशन दिल्यामुळे येतात, की आपण चुकीच्या माणसाला विचारतो आहोत.