नव्या नोकरीची पोस्ट: 'अखेर' हा शब्द खोडा

लिंक्डइनवर नवी नोकरी जाहीर करताना जुन्या कंपनीवरची टीका बहुतेकदा नकळत होते. "अखेर माझ्या कामाची कदर करणारी जागा मिळाली" या वाक्यात कुणाचं नाव नाही, तरी आधीच्या ठिकाणी कदर नव्हती हे जुन्या सहकाऱ्यांना लगेच कळतं. "शेकडो अर्जांतून निवड" यात तुलना निवड न झालेल्यांशी होते. आनंद बाजूला राहतो, तुलना उरते.

कृतज्ञता खरी वाटते ती नेमक्या तपशिलातून. उदाहरणार्थ:

"चार वर्षं नाशिकच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम केलं. नाकारलेला प्रत्येक सुटा भाग हातात घेऊन कारण शोधायला तिथल्या वरिष्ठांनी शिकवलं. त्यांचे आणि पाळीतल्या सहकाऱ्यांचे आभार. या सोमवारपासून पुण्यात पुरवठादारांच्या गुणवत्तेचं काम पाहतो आहे."

यात आधी शिकवण, मग आभार, शेवटी नवं काम. पगार नाही, सोडण्याचं कारणही नाही.

पोस्ट रुजू झाल्यावरच टाका. तोवर तारीख पुढे जाऊ शकते. प्रोफाइल बदलताना Notify network बंद ठेवा, म्हणजे तुमच्या शब्दांआधी आपोआप सूचना जाणार नाही. आणि ज्यांचे आभार मानणार, त्यांना आधी फोन करा.