बाक, दोर आणि खोक्याचा बोगदा

पावसाळ्यात बालवाडीचं अंगण चिखलाने भरतं आणि मोठ्या गटातली पाच वर्षांची मुलं दिवसभर वर्गात कोंडली जातात. अशा वेळी पंधरा फूट बाय वीस फुटांच्या खोलीतही अडथळ्यांची वाट मांडता येते. दोन लांब बुटके बाक, दहा-बारा मीटर जाड सुती दोर, फ्रिजची रिकामी खोकी आणि उडी मारायला एक पातळ गादी एवढं सामान पुरतं. पण हे सगळं मांडून मुलांना नुसतं ‘चला, पळा’ म्हटलं, तर मुलं खूश होऊन दमतात, त्यांचा तोल मात्र होता तिथेच राहतो. हातापायांचा मेळ सुधारायचा असेल, तर कुठला अडथळा मुलाकडून काय करून घेतो, हे मांडणाऱ्या ताईंना माहीत हवं.

सुरुवात बाकापासून करू. आपल्याला तोल सांभाळता येतो तो डोळे, आतल्या कानातलं संतुलनाचं इंद्रिय आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना या तिघांच्या भरवशावर. या वयात मुलाची भिस्त बरीचशी डोळ्यांवर असते. म्हणून बाकावर पहिल्यांदा चढलेलं मूल मान खाली घालून पावलांकडे बघतं, हात वर उचलून ताठ धरतं आणि पाय उचलण्याऐवजी सरकवत नेतं. ही तिन्ही लक्षणं नवखेपणाची आहेत, त्यांत काळजीचं काही नाही. बाक फूटभर रुंद आणि फार तर फूटभर उंच असावा. त्याच्या पलीकडे, मुलाच्या नजरेच्या उंचीवर, भिंतीला एखादं चित्र लावलं की नजर आपोआप वर येते. काही दिवसांत हात खाली येऊ लागले, पाऊल टाच टेकवत पडू लागलं, की शरीराने पायांकडून येणाऱ्या खबरीवर विश्वास ठेवायला सुरुवात केली असं समजावं.

इथे मोठ्यांचा हात फार आड येतो. ताई मुलाचा हात वर ओढून धरतात, मग मूल त्या हाताला लोंबकळतं आणि सगळा तोल ताईंचाच होतो. शेजारून चालावं. फार घाबरलं तर मुलाच्या कमरेच्या उंचीवर फक्त एक बोट पुढे करावं, म्हणजे हवं तेव्हा धरता येतं आणि सोडताही येतं.

बाकाचा खरा धोका वेगळाच आहे. शाळेच्या बऱ्याच बाकांचे पाय टोकापासून थोडे आत असतात. मूल अगदी टोकाशी उभं राहिलं की दुसरं टोक उचलतं आणि बाक उलटतो. त्यामुळे मुलं येण्याआधी मोठ्या माणसाने दोन्ही टोकांवर जोराने दाब देऊन बघावं. जरा जरी हलला, तरी चढण्या-उतरण्याची जागा पायांच्या बरोबर वर ठरवून तिथे रंगीत चिकटपट्टी लावावी. मोजे काढून अनवाणीच चालू द्यावं, फरशीवर मोजे घसरतात.

दोर दोन तऱ्हांनी वापरता येतो. पहिल्या तऱ्हेत तो जमिनीवर नागमोडी पसरायचा आणि मुलाने त्यावरून टाचेला अंगठा लावत जायचं. अनवाणी पावलाला दोर लागतो, त्यामुळे न बघताही वाट कळते. पडायची भीती नसल्याने बाकाला घाबरणारी मुलं इथे धीटपणे सराव करतात. दुसऱ्या तऱ्हेत दोर मुलाच्या गुडघ्याखाली आडवा धरून ओलांडायचा. तो कधीच बांधू नये. दोन छोट्या खोक्यांवर नुसता टेकवून ठेवावा, पाय अडकला तर दोर खाली पडावा, मूल नाही. गळ्याच्या उंचीला येईल असा दोर वाटेत कुठेच नको, आणि खेळ संपल्यावर तो कपाटात जायला हवा.

बोगद्यात मूल रांगतं. रांगताना उजवा हात आणि डावा गुडघा, मग डावा हात आणि उजवा गुडघा असं आलटूनपालटून पडलं पाहिजे. काही मुलं दोन्ही हात एकदम पुढे टाकतात आणि मग दोन्ही गुडघे ओढून घेतात. बाहेरून पाहिलं तर मूल पटकन पार झालेलं दिसतं, म्हणून ताईंनी बोगद्याच्या तोंडाशी वाकून आत बघायला हवं. अशा मुलासाठी बोगद्याच्या तळाला हाताचे ठसे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे पुढे-मागे चिकटवावेत आणि हळू यायला सांगावं.

बोगदा बांधताना पहिल्या खोक्याचं तोंड दुसऱ्या खोक्यात सरकवावं, म्हणजे जाणाऱ्या मुलाच्या हाताला पुठ्ठ्याची धार अडकत नाही. स्टेपलरच्या पिना काढून टाकाव्यात, जोड बाहेरून खाकी चिकटपट्टीने पक्का करावा. लांबी दीड मीटरच्या आत ठेवावी आणि वरती एक खिडकी कापावी. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला त्यातून ताईंचा चेहरा दिसतो. पावसाळी हवेत पुठ्ठा ओल धरून मऊ पडतो. छत वाकलं की खोकं बदलायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाट रोज तीच ठेवली तर आठवड्याभरात मुलं ती पाठ करतात आणि शिकणं थांबतं. निकोलाय बर्नस्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात मॉस्कोत हातोडी मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली चित्रित केल्या. घाव नेमका बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर खेपेला थोडे वेगळे हलत होते. कुशल माणूस एकच हालचाल पुनःपुन्हा करत नाही, तो तेच कोडं दर वेळी नव्याने सोडवतो, असं त्याने यावरून मांडलं. मुलांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. आज बाकावर पुढे चालणं, परवा आडवं चालणं, पुढच्या आठवड्यात हातात वाटी घेऊन चालणं. दोर आज सरळ, उद्या वळणाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कसं करायचं ते लगेच दाखवू नये. मूल क्षणभर थांबतं, बघतं, मग पाय टाकतं. त्या थांबण्याची घाई करायची नाही.

रांगेचा विचारही आधीच करावा लागतो. वीस मुलं, एकच सुरुवात आणि प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे मुलाला एका फेरीमागे एकोणीस मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. मग ढकलाढकली होते. त्याऐवजी वाट गोल मांडावी आणि पाच-पाचच्या चार गटांनी बाक, दोर, बोगदा आणि गादी अशा चार ठिकाणांहून एकदम सुरू करावं. बाकापाशी एक मोठं माणूस कायम हवं. गादीवर दोन्ही पायांनी, गुडघे वाकवून उतरायला शिकवावं. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा एवढं पुरतं.

यातून काय मिळत नाही, तेही पालकांना सांगायला हवं. बाकावर चालून बाकावर चालणं सुधारतं आणि त्याच्या जवळपासच्या हालचाली सुधारतात. अक्षर त्याने वळणदार होत नाही. लंगडी यायला हवी असेल तर लंगडीच घालावी लागते, म्हणून वाटेत चार पावलं लंगडीची ठेवावीत.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत पुढे सरकतात. साधारण शंभरातल्या पाच-सहा मुलांना मात्र वयाच्या मानाने हालचालींचा मेळ साधणं कायमच अवघड जातं, शर्टाचं बटण लावणं किंवा चेंडू झेलणंही. ती आळशी नसतात, त्यांना व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या मदतीचा उपयोग होतो. तीन गोष्टी दिसल्या तर सरावाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावं: एकाच बाजूचा हात-पाय सतत मागे पडणं, आधी जमणारी गोष्ट जमेनाशी होणं, आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत, अंगावर चढल्यासारखं उभं राहणं. ही शेवटची खूण स्नायूंच्या आजारात दिसते आणि बोगद्यातून बाहेर येऊन उठणाऱ्या मुलात ती सहज लक्षात येते. तेव्हा ताईंनी बोगद्याच्या बाहेरच्या तोंडाशी बसावं. दिसलेलं तारखेसह वहीत लिहून पालकांच्या हाती द्यावं, ते डॉक्टरांच्या कामी येतं.