तणावर नेमका थेंब: २४० मिलिसेकंदांचा हिशेब

पवईच्या आयआयटी मुंबईतून चालणाऱ्या ‘ई-यंत्र’ स्पर्धेत विद्यार्थ्यांनी ढोबळी मिरची ओळखून तोडणारे रोबो केले आहेत. मिरची तोडायची तर रोबोला झाडापाशी थांबता येते. तणावर फवारणारा रोबो मात्र चालता चालता बघतो आणि चालता चालताच फवारतो. खरी डोकेदुखी इथे सुरू होते.

मोकळ्या जमिनीवर तण ओळखणे त्या मानाने सोपे. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे 2G − R − B काढायचे. आकडा मोठा आला की तिथे हिरवे आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांचे ‘ओपनवीडलोकेटर’ रास्पबेरी पायवर याच युक्तीने चालू शकते. शेतात पीक उभे असेल तर ही युक्ती फसते, कारण पीकही हिरवेच.

आता वेळेचा हिशेब. समजा, रोबो सेकंदाला ५० सेंमी चालतो आणि कॅमेरा नोझलच्या ४० सेंमी पुढची जमीन बघतो. म्हणजे तण नोझलखाली यायला ८०० मिलिसेकंद लागतील. पण चित्र संगणकापर्यंत यायला १००, ते तपासायला ८०, सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडायला २० आणि थेंब जमिनीवर पडायला ४० मिलिसेकंद गेले, तर २४० आधीच खर्च झाले. तण दिसल्याचे कळल्यावर थांबायचे ते फक्त उरलेले. व्हॉल्व्ह आणि थेंबाचा वेळही वजा करून ५६० मिलिसेकंद. पूर्ण ८०० थांबलात, तर फवारा तणाच्या १२ सेंमी पुढे पडेल.

हे आकडे कागदावर ठरत नाहीत, मोजावे लागतात. मुलुंड-घाटकोपरकडच्या सोसायटीची गच्चीही त्याला पुरते. टाकीत औषधाऐवजी नीळ घातलेले पाणी भरा, जमिनीवर पांढरे कागद पसरा, त्यावर हिरव्या कागदाचे तुकडे चिकटवा आणि रोबो दोन वेगांनी चालवा. डाग दोन्ही वेळा ३ सेंमी पुढेच पडला, तर कॅमेरा आणि नोझलमधले अंतर चुकीचे मोजले आहे. ५० च्या वेगाला ३ आणि १०० च्या वेगाला ६ सेंमी पुढे गेला, तर कुठेतरी ६० मिलिसेकंद हिशेबातून निसटले आहेत. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी चाचणी मला दुसरी माहीत नाही.

डाग दर वेळी आणखी पुढे सरकत असेल, तर चित्रांच्या रांगेवर संशय घ्यावा. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे देतो आणि प्रोग्रॅम १२ च तपासतो, तेव्हा उरलेली साठत जातात आणि रोबो जुनी चित्रे बघत राहतो. साठलेली चित्रे टाकून नेहमी ताजेच चित्र घ्यावे आणि प्रत्येकावर ते टिपल्याची वेळ नोंदवावी.

शेतात वेगही स्थिर राहत नाही. म्हणून ‘इतके मिलिसेकंद थांब’ असे न सांगता चाकावरच्या एन्कोडरने अंतर मोजतात आणि व्हॉल्व्हला हुकूम किती आधी द्यायचा, हे त्या क्षणाच्या वेगावरून काढतात. चिखलात चाक जागीच फिरले, तर एन्कोडर मात्र रोबो पुढे गेल्याचे सांगतो आणि फवारा तणाच्या आधीच पडतो. त्यासाठी नोझल तणाच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन सेंमी जास्त उघडे ठेवतात. तेवढे औषध वाया जाते.