कर्जाची वेळ मागणारं पत्र

‘मला गृहकर्जाविषयी बोलायचं आहे, कृपया भेटीची वेळ द्यावी.’ बँकेला असा मेल गेला की बहुधा ‘कामकाजाच्या दिवशी कधीही या’ असं उत्तर येतं. माणूस जातो, तासभर बसतो आणि ‘विक्रेत्याचे कागद घेऊन या, मग बघू’ हे ऐकून परततो. यात अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नवं घर की जुनं, रक्कम किती, अर्जदार एक की दोन, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. जुन्या फ्लॅटचं कर्ज आणि बिल्डरकडच्या नव्या फ्लॅटचं कर्ज यांचे कागदच वेगळे असतात.

एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या जुन्या सोसायटीत एका जोडप्याला ५५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. नवऱ्याच्या हातात महिना ५८ हजार येतात, बायकोच्या ३४ हजार. दुचाकीच्या कर्जाचा साडेचार हजारांचा हप्ता चालू आहे. वेळ मागण्याआधी या दोघांनी एक संध्याकाळ हिशेबाला द्यायला हवी, कारण पत्रात कर्जाची रक्कम लिहायची आहे आणि ती हवेतून काढून चालत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे इथे ४४ लाख. किंमत धरताना करारातली रक्कम आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेली रक्कम यांपैकी कमी असेल ती धरण्याचीच रीत आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत येत नाही. पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के धरलं तर ३ लाख ८५ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. वरचे ११ लाख मिळवले की स्वतःच्या खिशातून १५ लाख १५ हजार उभे करायचे आहेत. पुष्कळ लोक फक्त ११ लाखांचीच तयारी करून बसतात.

आता फेडीची बाजू. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो, ४४ लाखांना ३८ हजारांच्या आसपास. बँका ढोबळमानाने सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ देतात. प्रत्येक बँकेचा हिशेब थोडा वेगळा असतो. एकट्या नवऱ्याच्या पगाराचे निम्मे २९ हजार, त्यातून दुचाकीचा हप्ता गेला की साडेचोवीस हजार उरतात. तेवढ्यात २८ लाखांपुढे जाता येत नाही. दोघांचा पगार मिळून ९२ हजार, निम्मे ४६, हप्ता वजा जाता साडेएक्केचाळीस. आता ४४ लाख बसतात. म्हणजे बायको सहअर्जदार असल्याशिवाय हे कर्ज होत नाही आणि तिला रजा मिळेल तोच भेटीचा दिवस. ‘मी आधी विचारून येतो, तू नंतर सहीला ये’ हा बेत इथेच बारगळतो.

दिवस सुचवताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते. महिन्याचे पहिले चार-पाच दिवस पेन्शन-पगाराच्या गर्दीचे, आणि मार्चअखेर तर विचारूच नये. पण खरा अडसर कॅलेंडरचा नाही, विक्रेत्याकडच्या कागदांचा असतो. ते ज्या दिवशी हातात येतील त्याच्या नंतरचेच दिवस लिहावेत.

पत्र असं होईल:

‘प्रति, कर्ज अधिकारी. विषय: जुन्या फ्लॅटसाठी गृहकर्ज – भेटीची वेळ मिळण्याबाबत.

महोदय/महोदया, आपल्या शाखेत माझे पगार खाते आहे (शेवटचे चार अंक ....). सिंहगड रस्त्यावरील फ्लॅट ५५ लाखांना घेण्याचे ठरत असून सुमारे ४४ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी हवे आहे. मी आणि माझी पत्नी, दोघेही नोकरदार, अर्जदार असू. दुचाकी कर्जाचा ४,५०० रुपयांचा हप्ता चालू आहे. सध्या पात्रता आणि कागदपत्रे यांविषयी चर्चा करायची आहे; अर्ज त्यानंतर करू.

पुढील आठवड्यात मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी ३ नंतर, अथवा महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ वाजता आम्ही दोघेही येऊ शकतो. सोबत पॅन, आधार, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचा खाते उतारा, तसेच विक्रेत्याचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स २, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती आणू. याखेरीज काही हवे असल्यास कळवावे. आपला, (नाव, मोबाइल).’

दुचाकीचा हप्ता आपणहून लिहिला आहे, कारण तो सिबिलच्या अहवालात दिसणारच असतो. बँकेला तिथे कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेला बरा. ‘अर्ज त्यानंतर करू’ हे वाक्यही मुद्दाम आहे. बँक कर्जासाठी पत अहवाल मागवते तेव्हा ती चौकशी त्यात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत चार बँकांकडून अशा चौकशा झाल्या तर गुणांकावर परिणाम होतो. आपला अहवाल आपण स्वतः पाहिला तर काही बिघडत नाही. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो.

कागदांच्या यादीत सगळ्यात जास्त गोंधळ करारनाम्याचा होतो. फ्लॅट आधी दोनदा विकला गेला असेल तर शेवटचा करार पुरत नाही. बिल्डरपासून पहिल्या मालकाकडे, तिथून दुसऱ्याकडे अशी साखळी सलग लागते, कारण बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालकी मागे मागे तपासत जातो. मधला एक करार गहाळ असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावी लागते. मूळ प्रत हरवल्याची पोलीस तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचनाही बँक मागू शकते. जुन्या सोसायट्यांत भोगवटा प्रमाणपत्रच नसणं हेही नवं नाही, आणि काही बँका अशा घराला कर्जच देत नाहीत. ते नसेल तर पत्रातच तसं लिहून विचारावं. नकार यायचाच असेल तर तो विसार देण्याआधी आलेला चांगला. विसार द्यावाच लागला तर कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत मिळेल, ही अट पावतीवर लिहून घ्यावी.

मेलला आधार-पॅनच्या प्रती जोडू नयेत. भेट मागायला यादी पुरते; आधार द्यायचंच झालं तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्यावं. मूळ कागद पडताळणीपुरते दाखवावेत, पहिल्या भेटीत कोणाच्या हाती ठेवून येऊ नयेत. शाखेचा नंबरही पासबुकावरून किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. गूगलवर वर दिसणाऱ्या ‘कस्टमर केअर’ नंबरांमागे भलतेच लोक बसलेले असतात.

पत्र पाठवण्याआधी शाखेला एक फोन करून कर्जाचं काम तिथेच होतं का, हे विचारावं. बऱ्याच बँकांनी गृहकर्जाची छाननी वेगळ्या केंद्रांकडे दिली आहे. स्टेट बँकेत अशा केंद्राला आरएसीपीसी म्हणतात. तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलची छापील प्रत शाखेत नेऊन द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. भेट झाल्यावर उठण्याआधी कोणते कागद कमी पडले ते अधिकाऱ्याकडून कागदावर लिहून घ्यावं, म्हणजे पुढच्या वेळी टेबलाशी दुसरं कोणी असलं तरी यादी बदलत नाही.