बत्तीस शब्दांची नोटीस कोणी लिहिली?

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर गेल्या महिन्यात एक नोटीस लागली होती. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दिनांक १४ रोजी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत पाण्याच्या टाकीची साफसफाई करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी व सहकार्य करावे.’ मोजून बत्तीस शब्द. मी ती एका कागदावर उतरवून घेतली, वर पोस्टकार्ड ठेवलं आणि शेजारच्या काकूंना पुढचा शब्द ओळखायला सांगत कार्ड हळूहळू सरकवत गेलो. ‘कळविण्यात’ दिसताच त्या ‘येते की’ म्हणाल्या. ‘याची’ पाहून ‘नोंद घ्यावी’. अडल्या त्या तारखेला, दोन्ही वेळांना आणि ‘टाकी’ या शब्दाला. बाकी सारं त्यांना तोंडपाठ असल्यासारखं होतं.

हा खेळ माझा नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९५१ साली छापलेल्या निबंधात तो आहे: माणसांना इंग्रजी मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावायचं आणि त्यावरून भाषेत किती भाग आधीच ठरलेला असतो ते मोजायचं. मजकूर माणसाने लिहिला की एआयने, हे सांगणारी पहिल्या पिढीतली साधनं बरीचशी याच मोजमापावर उभी राहिली. जानेवारी २०२३मध्ये एडवर्ड टियान या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने जीपीटीझिरो आणलं, तेव्हा त्याने दोन गोष्टी मोजल्या. प्रत्येक शब्द किती अनपेक्षित आहे, याला परप्लेक्सिटी म्हणतात. आणि हा अनपेक्षितपणा वाक्यागणिक किती खालीवर होतो, याला बर्स्टिनेस. यंत्र बहुधा संभवणारे शब्द निवडतं, म्हणून त्याचा मजकूर सपाट येतो. माणूस मध्येच आडवळण घेतो. पुढे साधनं अधिक गुंतागुंतीची झाली, पण शोध त्याच खुणांचा आहे: लिहिणाऱ्याने कुठे, कोणती निवड केली.

आता आपल्या नोटिशीकडे परत येऊ. तिच्यात अनपेक्षित काय होतं? तारीख, वेळ आणि टाकी. पण ही सचिवांची शैली नव्हे, ती माहिती आहे. तीच माहिती यंत्राला दिली असती तर त्यानेही तेच आकडे लिहिले असते. उरलेले शब्द कार्यालयीन मराठीने कित्येक वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेले आहेत. म्हणजे या बत्तीस शब्दांत लिहिणाऱ्याची स्वतःची अशी खूण कुठेच पडलेली नाही. जी खूण मजकुरात नाही, ती कितीही चांगलं साधन आणलं तरी सापडणार नाही.

छोट्या मजकुराची अडचण हिशेबाने दाखवता येते. आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा, माणसाच्या लिखाणात दर शब्दाला सरासरी ५ गुण अनपेक्षितपणा असतो आणि यंत्राच्या लिखाणात ४. पण एकेका शब्दाचे गुण या सरासरीपासून साधारण ३ने इकडेतिकडे होतात. पंचवीस शब्दांची सरासरी काढली की हा डळमळीतपणा शब्दसंख्येच्या वर्गमुळाने भागला जातो: ३ भागिले ५, म्हणजे ०.६. सीमारेषा मधोमध ४.५वर ठेवली, तर दर पाच निकालांतला एक चुकतो. तेच चारशे शब्द घेतले की ३ भागिले २०, म्हणजे ०.१५ उरतं आणि चूक हजारात एखादीसुद्धा होत नाही. साधन तेच, रेषा तीच, बदलली ती फक्त लांबी. प्रत्यक्षात परिस्थिती याहून कठीण असते, कारण शब्द सुटेसुटे पडत नाहीत. ‘तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी’ हा ठरीव तुकडा आला की पाचही शब्द एकदम एकाच बाजूला झुकतात.

ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचं असं साधन खुलं केलं, तेव्हा १,००० अक्षरांखालच्या मजकुरावर ते फारच अविश्वसनीय आहे, असं तिनेच सांगितलं होतं. लांब मजकुरावरही त्याची पकड ढिली होती. कंपनीच्या चाचणीत एआयने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याने ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के एआयचा ठरवला. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी असल्याचं सांगून ते काढून घेण्यात आलं.

औपचारिक लेखनाचं दुखणं निराळं आहे. तिथे लांबी वाढवूनही उपाय होत नाही, कारण सरासरीच मुळात यंत्राच्या बाजूला सरकलेली असते. हिशेबातला तो ५चा आकडा ३.८वर आला, तर चारशे शब्दांनंतर साधन अधिक खात्रीने चुकेल. अमेरिकेची राज्यघटना, १७८७ सालचा मसुदा, अशा साधनांत घातल्यावर एआयने लिहिलेली ठरली, हे २०२३मध्ये गाजलं होतं. ती भाषा काटेकोर आहेच. शिवाय ती इतक्या ठिकाणी छापलेली आहे की भाषा-प्रारूपांना प्रशिक्षणातच अनेकदा भेटलेली असते. ओळखीचा मजकूर अनपेक्षित वाटत नाही.

मला याहून जास्त अस्वस्थ करतो तो स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०२३चा अभ्यास. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषक विद्यार्थ्यांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले गेले. मग संशोधकांनी त्याच ९१ निबंधांतली शब्दसंपदा चॅटजीपीटीकडून वाढवून घेतली, तेव्हा चुकीचे ठपके १२ टक्क्यांच्या आसपास उतरले. म्हणजे यंत्राचा हात लागल्यावर ते निबंध माणसाचे वाटू लागले. शिकवलेल्या साच्यात, जपून, मोजक्या शब्दांत लिहिणं ही परक्या भाषेत लिहिणाऱ्याची सवय असते. मराठी शाळेतून परदेशी विद्यापीठात गेलेला आपला मुलगाही तसंच इंग्रजी लिहितो, आणि तेच त्याच्या अंगावर येऊ शकतं.

मुद्द्यांच्या यादीत तर वाक्यच नसतं. ‘टाकी रिकामी करणे’, ‘गाळ काढणे’, ‘क्लोरिन टाकणे’: प्रत्येक ओळ तुटक, सगळ्यांचा शेवट सारखा, शेवटी पूर्णविराम नाही. वाक्यांच्या चढउतारावर चालणाऱ्या साधनाला इथे मोजायला काही उरत नाही, आणि ते एकसारखेपण नेमकं सपाट म्हणून गणलं जाण्याची भीती असते. म्हणूनच विद्यापीठांत वापरलं जाणारं टर्निटिन याद्या, तक्ते, कविता, संगणकाचा कोड यांना हिशेबात धरत नाही. सलग गद्य वाक्यंच तपासतं, तीही किमान ३०० शब्दांची असली तर. आधी ही मर्यादा १५० होती, ती वाढवावी लागली.

याचा एक परिणाम अहवाल वाचणाऱ्याच्या सहज नजरेतून सुटतो. समजा, विद्यार्थ्याचा प्रकल्प-अहवाल १,५०० शब्दांचा आहे, पण त्यात बहुतेक याद्या आणि तक्ते आहेत. सलग गद्य फक्त ३५० शब्द: प्रस्तावना, एखादा परिच्छेद आणि निष्कर्ष. साधन ४० टक्के दाखवतं. ते ४० टक्के अख्ख्या अहवालाचे नव्हेत, त्या ३५० शब्दांचे आहेत, म्हणजे १४० शब्द, सात-आठ वाक्यं. आणि मजकुराच्या पहिल्या व शेवटच्या काही वाक्यांवर चुकीचे ठपके जास्त पडतात, असं टर्निटिननेच २०२३मध्ये नोंदवलं होतं. पूर्ण दस्तऐवजावर चूक एक टक्क्याहून कमी असल्याचा दावा करणारी ही कंपनी एकेका वाक्यावर मात्र ती सुमारे चार टक्के असल्याचं सांगते.

तेव्हा शिक्षकाने आकड्याआधी ती सात-आठ वाक्यं कुठे आहेत ते पाहावं. ‘प्रस्तुत प्रकल्पाचा उद्देश’ आणि ‘वरील विवेचनावरून असे दिसून येते’ अशा ओळी रंगल्या असतील, तर तिथे विद्यार्थ्याला स्वतःचं काही लिहायला जागाच नव्हती. त्याच्याकडे कच्चे मसुदे मागावेत, फाइलचा बदलांचा इतिहास पाहावा, आणि मोजमापं कशी घेतली ते त्याला समोर बसवून विचारावं.